नळी वापरायचीच नाही, तर काढायची कशाला?

“माझं वय ३४, लग्नाला सहा वर्षं झाली. एचएसजीमध्ये, म्हणजे नळ्यांत रंग सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये, उजवी गर्भनलिका बंद आणि पाण्याने फुगलेली निघाली, डावी मोकळी आहे. सोनोग्राफीतही उजवी नळी दिसते. आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडण्याचं पहिलं ट्रान्सफर फसलं, दोन भ्रूण गोठवून ठेवलेत. आता डॉक्टर म्हणतात, आधी दुर्बिणीतून ती नळी काढून टाकू. आयव्हीएफमध्ये नळीचा उपयोगच नसतो, मग काढायची कशाला? काढली की नैसर्गिक गर्भधारणेची उरलीसुरली आशाही संपणार. शिवाय बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं माझं एएमएच १.२ आहे, ऑपरेशनने ते आणखी खाली गेलं तर? बहीण म्हणते, सुईने पाणी काढून घे. मला वाटतं, पुढच्या पाळीला एक भ्रूण सोडून बघावा, नाहीच जमलं तर मग ऑपरेशन. काय करू?”

तुमचा पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. आयव्हीएफचा जन्मच बंद नळ्यांसाठी झाला. १९७८ साली जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्याच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. नळीला वळसा घालून जायचं, हीच मूळ कल्पना. पुढे बरीच वर्षं आम्ही डॉक्टरही असंच समजत होतो की एकदा वळसा घातला की नळीचा विषय संपला. मग हळूहळू लक्षात आलं की बंद नळ्या असलेल्या सगळ्या बायकांचे निकाल सारखे येत नाहीत. नुसती बंद नळी असलेल्या बायकांना यश बरं मिळत होतं. बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी असली की यश जवळपास निम्म्यावर येत होतं, आणि राहिलेला गर्भ पडण्याचं प्रमाणही जास्त होतं. तेव्हा अडचण नळी बंद असण्याची नव्हती, तिच्यात साठलेल्या पाण्याची होती. तुम्हाला ‘नळीत दोष आहे’ एवढंच सांगितलं गेलं असेल, तर हा फरक तुमच्यापर्यंत पोचलाच नसेल.

ही नळी आत कशी दिसते ते सांगते. निरोगी नळी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. बीजांडकोशाकडच्या टोकाला तिला नाजूक झालर असते, ती स्त्रीबीज टिपून घेते. कधीतरी होऊन गेलेल्या जंतुसंसर्गाने, क्षयाने, एंडोमेट्रिओसिसने किंवा फुटलेल्या अपेंडिक्सने त्या झालरीची बोटं एकमेकांना चिकटतात आणि टोक शिवल्यासारखं बंद होतं. नळीचं आतलं अस्तर मात्र पाझरत राहतं. पाझर चालू आणि बाहेरची वाट बंद, मग नळी पखालीसारखी फुगत जाते. दुर्बिणीतून पाहताना मी अंगठ्याएवढ्या जाड, पारदर्शक पापुद्र्याच्या नळ्या पाहिल्या आहेत, आतलं फिकट पिवळसर पाणी बाहेरूनही दिसावं अशा. यालाच हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. संसर्ग कधी झाला हे बहुतेकींना आठवत नाही, कारण तो अनेकदा मुकाट्याने येऊन जातो. म्हणून ‘माझ्याकडून काय चुकलं’ हा शोध सोडून द्या, त्यातून काही हाती लागत नाही.

आता खरी गोम. नळीचं एक टोक बंद झालं, तरी दुसरं टोक गर्भाशयात उघडतं आणि ते बहुधा उघडंच असतं. म्हणजे पाण्याला सुटायला एकच वाट उरते, ती गर्भाशयाची. आयव्हीएफमध्ये आम्ही जो भ्रूण सोडतो तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असतो, आणि त्याला जेमतेम अर्ध्या थेंबाएवढ्या द्रवातून आत ठेवतो. गर्भाशयाची पोकळी म्हणजे रिकामी खोली नव्हे. तिच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि भ्रूण त्या दोन भिंतींच्या बेचक्यात राहतो. पाच दिवसांचा भ्रूण सोडला, तरी तो अस्तराला धरून बसायला आणखी एखाद-दोन दिवस घेतो. त्या मधल्या काळात तो नुसता टेकलेला असतो. फुगलेल्या नळीत काही मिलिलिटर पाणी सहज मावतं, म्हणजे भ्रूणासोबत गेलेल्या द्रवाच्या शंभरपटीहूनही जास्त. त्यातलं थोडंसंच पाझरलं तरी भिंतींमध्ये पाण्याचा थर येतो, आणि भ्रूण धरायच्या आधीच सरकतो किंवा वाहून जातो.

दुसरी गोष्ट अस्तराची. गर्भ धरण्याच्या दिवसांत अस्तराच्या पेशींवर काही खास प्रथिनं उगवतात, भ्रूण त्यांना धरतो. अशा पाण्यात न्हाणाऱ्या अस्तरावर ती कमी आढळतात, आणि नळी काढल्यावर बऱ्याच स्त्रियांत ती परत दिसू लागतात. मला हा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो, कारण बाई तीच आणि गर्भाशयही तेच, बदललं ते फक्त पाणी. पाण्यात भ्रूणाला लागणारी पोषणद्रव्यंही कमी असतात. ते भ्रूणाला विषारी असतं असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. उंदरांच्या भ्रूणांची वाढ त्यात खुंटलेली दिसली आहे, माणसाच्या भ्रूणांबाबत चित्र इतकं स्पष्ट नाही, म्हणून ‘विष’ हा शब्द मी वापरत नाही.

हे सगळं पडद्यावर कसं दिसतं, त्याची एक आठवण सांगते. पस्तिशीची एक बाई माझ्याकडे ट्रान्सफरच्या तयारीत होती. बाराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत अस्तर नऊ मिलिमीटरचं, तीन पदरांचं, अगदी हवं तसं. पण दोन पदरांच्या मधोमध एक बारीक काळी रेघ होती, जेमतेम दोन मिलिमीटरची. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. दोन दिवसांनी ती रेघ नाहीशी झाली आणि आम्ही हुश्श केलं. ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहिलं तर ती परत आलेली, आता तीन मिलिमीटरची. नळी भरत होती आणि अधूनमधून गर्भाशयात रिकामी होत होती. ते ट्रान्सफर मी थांबवलं. शस्त्रक्रियेत उजवी नळी फुगलेली सापडली, ती काढली. डावीही फुगलेली होती, पण आतड्याला इतकी चिकटलेली की सोडवायला गेलं तर आतड्याला इजा व्हावी. म्हणून तिला हात न लावता गर्भाशयापाशीच क्लिप लावून तिची वाट बंद केली. दोन पाळ्यांनी पुन्हा तयारी केली, काळी रेघ आली नाही. पहिला भ्रूण तरीही रुजला नाही. दुसरा रुजला. पहिल्याचं मुद्दाम सांगते आहे, कारण नळी काढणं म्हणजे गर्भ राहण्याची हमी नव्हे. एक अडथळा दूर होतो, भ्रूणाची प्रत आणि वय जिथल्या तिथे राहतात.

आता तुमचा ‘एक भ्रूण सोडून बघू’ हा विचार. स्कँडिनेव्हियात अशा २०४ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही स्त्रियांची फुगलेली नळी आधी काढली आणि बाकीच्यांना थेट आयव्हीएफ दिलं. पहिल्या प्रयत्नानंतर प्रसूतीपर्यंत पोचलेल्या स्त्रिया नळी काढलेल्या गटात शंभरात सुमारे २९ होत्या, न काढलेल्या गटात १६. सगळ्यांत मोठा फरक पडला तो ज्यांची नळी सोनोग्राफीत दिसण्याइतकी फुगलेली होती त्यांच्यात. प्रयोगशाळा तेव्हापेक्षा खूप सुधारल्या आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका, त्यांच्यातलं अंतर तेवढं पाहा. तुमची नळी सोनोग्राफीत दिसते, म्हणजे तुम्ही नेमक्या त्या गटात बसता जिथे काढण्याचा फायदा सर्वांत ठळक आहे. दोन्हींकडच्या नळ्या फुगलेल्या असतील, गर्भाशयात पाणी दिसलं असेल किंवा चांगला भ्रूण सोडूनही ट्रान्सफर फसलं असेल, तर हा सल्ला आणखी घट्ट होतो. यातली शेवटची गोष्ट तुमच्या बाबतीत घडलेलीच आहे.

‘बघू तरी’ म्हणताना खर्च होतो तो भ्रूण. तुमच्याकडे दोनच आहेत. गोठवलेला भ्रूण दोन-तीन महिने थांबल्याने बिघडत नाही. त्याचं वय गोठवलं त्या दिवशीच थांबलं आहे. उलट ओल्या जमिनीत तो एकदा सोडला की परत घेता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की पुढच्या पाळीचं ट्रान्सफर रद्द करा आणि आधी नळीचा निकाल लावा.

एएमएचची तुमची काळजी निराधार नाही. नळी आणि बीजांडकोश यांच्या मधल्या पातळ पडद्यातून रक्तवाहिन्या जातात आणि त्यांतल्या काही बीजांडकोशाला रक्त देतात. नळी काढताना तो पडदा फार खोल कापला किंवा डागण्या फार दिल्या, तर त्या बाजूच्या बीजांडकोशाला रक्त कमी पडू शकतं. म्हणून नळीला अगदी लगटून कापत जायचं असतं. तसं केलं तर बहुतेक अभ्यासांत बीजांचा साठा फारसा घटलेला दिसत नाही, काहींत एएमएच थोडं उतरलेलं दिसतं. सर्जनना सरळ विचारा की नळीला किती लगटून कापणार आणि बीजांडकोशाचा रक्तपुरवठा कसा जपणार. या प्रश्नाने चांगल्या सर्जनला राग येत नाही. आणि तुमच्या बाबतीत दिलासा असा की बीजं आधीच काढून झालीत, भ्रूण तयार आहेत. ज्यांचं एएमएच कमी आहे आणि अजून बीजं काढलेली नाहीत, त्यांना मी क्रम उलटा सांगते. आधी बीजं काढून भ्रूण गोठवायचे, मग नळी काढायची, मग ट्रान्सफर. बीजं काढण्याच्या सुईची वाट मात्र त्या नळीतून जाता कामा नये. बीजं वाढवायची इंजेक्शनं चालू असताना फुगलेली नळी सोनोग्राफीत कधी मोठ्या फॉलिकलसारखीच, म्हणजे बीज वाढतं त्या पाणभरल्या पिशवीसारखीच, दिसते आणि चुकून सुई तिच्यात गेली तर ओटीपोटात पू होण्याचा धोका असतो. ओळखण्याची खूण अशी की फॉलिकल गोल असतं, आणि नळी कोन बदलून पाहिली की लांबट, वळलेली दिसते, आत अर्धवट पडदे दिसतात.

बहिणीचा सल्ला मायेचा आहे, पण पाणी काढून नळीचं पाझरणं थांबत नाही. ते पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा भरतं, काही वेळा ट्रान्सफरच्या दिवसापर्यंतही टिकत नाही. बीजं काढतानाच पाणी खेचून घ्यायची पद्धत वापरतात. जिला शस्त्रक्रिया झेपणारच नाही तिच्यासाठी काहीच न करण्यापेक्षा ती बरी, पण तिचा फायदा नळी काढण्याइतका पक्का नाही आणि संसर्गाची जोखीम वेगळी. दोन भ्रूणांच्या जोरावर मी ती निवडणार नाही. टोक उघडून नळी दुरुस्त करणं हाही एक मार्ग आहे, पण तो वय कमी, नळी थोडीच फुगलेली आणि आतलं अस्तर निरोगी असेल तेव्हाचा. उघडलेलं टोक पुन्हा बंद होतं आणि नळीतच गर्भ राहण्याची शक्यता वाढते. आयव्हीएफच करायचं ठरलं असेल, तर तो मार्ग गैरसोयीचा.

गर्भाशयापाशी क्लिप लावणं किंवा नळी डागून बंद करणं याला मी दुय्यम मानत नाही. चिकटलेल्या पोटात ते काढण्यापेक्षा सुरक्षित असतं आणि गर्भाशयात येणारं पाणी थांबवण्याचं काम तेही करतं. उणीव एवढीच की फुगलेला भाग आतच राहतो, तो दुखू शकतो किंवा पुढे बीजं काढताना आड येऊ शकतो. योनीमार्गातून नळीत एसुर नावाची धातूची स्प्रिंग बसवून वाट बंद करण्याचाही प्रयोग झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात टिकलेली गर्भधारणा त्या गटात शंभरात सुमारे २६ जणींना आणि नळी काढलेल्या गटात ५६ जणींना आढळली. पुढे ती स्प्रिंग बाजारातूनही गेली. ‘बिनटाक्याचा उपाय’ म्हणून कुणी तिचं नाव घेतलं, तर हे आठवा.

आणि आता तुमच्या पत्रातलं जे गृहीत मला सगळ्यांत उलटं वाटलं ते, ‘काढली की नैसर्गिक आशा संपली’. उजवी नळी तुम्हाला आज मदत करत नाही. तिचं टोक बंद आहे, ती बीज टिपूच शकत नाही. पण तिचं पाणी गर्भाशयात उतरतं, आणि तिथे डाव्या मोकळ्या नळीतून आलेला भ्रूणही त्याच ओल्या अस्तरात पडतो. म्हणजे उजवी नळी डावीचंही काम बिघडवत असू शकते. एकच नळी फुगलेली असलेल्या बायकांना ती काढल्यावर किंवा बंद केल्यावर, आयव्हीएफशिवाय, आपोआप दिवस राहिल्याचं छोट्या पाहणींत दिसलं आहे. तुमच्याही बाबतीत ते घडेलच असं नाही. पण तुमच्या पतीचा अहवाल ठीक असेल आणि शस्त्रक्रियेत डावी नळी खरोखर निरोगी दिसली, तर नैसर्गिक शक्यता कमी न होता वाढलेली असेल. डावी कशी आहे हे एचएसजीपेक्षा दुर्बीण जास्त खात्रीने सांगते. गर्भाशयातून निळा रंग सोडला की तो डाव्या टोकातून मोकळा वाहतो की अडकून टोक फुगतं, हे डोळ्यांनी दिसतं. ‘मोकळी’ म्हटलेली नळीही झालरीपाशी आकसलेली निघते.

म्हणूनच भूल देण्याआधी एक बोलणं पक्कं करून घ्या. आत गेल्यावर डावीही फुगलेली निघाली तर काय करायचं? उजवी काढता येण्याजोगी नसली तर क्लिपला तुमची हरकत आहे का? ही उत्तरं तुम्ही शुद्धीवर असताना, पतीशी बोलून, संमतीपत्रावर लिहून द्यायची असतात. मी अशा बाया पाहिल्या आहेत ज्यांना जाग आल्यावर कळलं की दोन्ही नळ्या गेल्या. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता, पण तो त्यांचा नव्हता, आणि ते दुःख फार दिवस टिकलं. तुम्हाला ‘दुसऱ्या नळीला हात लावायचा नाही, आधी मला सांगा’ म्हणायचं असेल तर तसं लिहा. दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागेल, पण तो तुमचा हक्क आहे.

शस्त्रक्रिया बेंबीपाशी आणि ओटीपोटावर अर्धा ते एक सेंटीमीटरच्या तीन-चार छिद्रांतून होते. पोट चिकटलेलं नसेल तर तासाभरात आटोपते, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा एक-दोन दिवस दुखतो, त्याने घाबरू नका. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र वाट न पाहता दाखवा. काढलेली नळी तपासणीला पाठवली जाईल याची खात्री करून घ्या, कारण त्यात क्षयाच्या खुणा निघाल्या तर आधी त्याचं औषध पूर्ण करावं लागतं आणि ट्रान्सफर लांबतं. सगळं ठीक असलं तर एक-दोन पाळ्यांनंतर तयारी सुरू करता येते.

हे वाचणाऱ्या आणखी काही जणींचा अहवाल वेगळा असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. अहवालात नळी ‘सुरुवातीलाच बंद’ असं असेल, म्हणजे गर्भाशयापाशी, आणि फुगलेली नसेल, तर तो हायड्रोसाल्पिंक्स नव्हे. गर्भाशयातून वाट बंद असल्याने पाणी यायचा प्रश्नच नसतो, आणि एचएसजीच्या वेळी नळी आकुंचन पावली तरी असंच चित्र येतं. तेवढ्यावरून नळी काढू देऊ नका. एचएसजीत थोडी फुगल्यासारखी वाटली पण सोनोग्राफीत कधीच दिसली नाही, तिथेही फायदा तितका सिद्ध नाही. घाई न करता दुसरं मत घ्या किंवा दुर्बिणीतून खात्री करा. आणि एचएसजीत नळी फुगलेली निघाली असेल तर त्याच दिवशी अँटिबायोटिक दिलं का हे विचारा. बंद पाण्यात गेलेला रंग संसर्ग जागा करू शकतो, म्हणून सहसा पाच दिवसांचं औषध देतात.

तुमच्यासाठी एक शेवटची गोष्ट, ती दिवस राहिल्यानंतरची. नळी काढली तरी गर्भाशयाच्या भिंतीतला तिचा छोटा बुंधा राहतोच. तो मुळापासून खणून काढत नाहीत, कारण तिथली भिंत कमकुवत होऊन पुढे गर्भाशय फाटण्याची भीती असते. क्वचित गर्भ त्या बुंध्यातच रुजतो. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की सहाव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू नका, आणि करणाऱ्या डॉक्टरांना ‘माझी उजवी नळी काढली आहे’ हे आपणहून सांगा. त्याआधी एका बाजूला चमक निघाली किंवा चक्कर आली, तर सहावा आठवडा उजाडायची वाट पाहू नका.